उघड्यावर बोलून गुपित ठरवायचं कसं: ८३ ही संख्या घेऊन डिफी-हेलमन हाताने सोडवा

माधवी आणि नितीन आधी कधी भेटलेले नाहीत. त्यांच्यात कुठलाही सांकेतिक शब्द ठरलेला नाही. ते एकमेकांना जो निरोप पाठवतात तो इरा शब्दन् शब्द वाचते, आणि हे दोघांनाही ठाऊक आहे. तरी दोन निरोपांनंतर माधवी आणि नितीन यांच्याकडे एकच संख्या असते आणि इराकडे ती नसते. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी ही रीत १९७६ साली प्रसिद्ध केली. राल्फ मर्कल याच दिशेने स्वतंत्रपणे विचार करत होता, म्हणून हेलमनने पुढे त्याचंही नाव यात जोडावं असं सुचवलं.

ही रीत समजावताना बहुतेक जण रंग मिसळण्याचं उदाहरण देतात. ते ऐकायला छान वाटतं, पण कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर त्याचा काही उपयोग होत नाही. आपण सरळ आकडेमोड करू. गुणाकार-भागाकार येत असेल तर एवढं पुरे. सोबत कॅल्क्युलेटर असला तर बरं, पण तो कुठे दगा देतो तेही पुढे येईलच.

आधी एकच नियम

या सगळ्या हिशेबात आपल्याला फक्त बाकी हवी असते. कुठलीही संख्या ८३ च्या वर गेली की तिला ८३ ने भागायचं, भागाकार सोडून द्यायचा आणि बाकी ठेवायची. २५६ ला ८३ ने भागलं तर तीनदा भाग जातो आणि ७ उरतात, म्हणून आपल्यासाठी २५६ म्हणजे ७.

सोय अशी की बाकी केव्हा काढली याने उत्तर बदलत नाही. सगळे गुणाकार करून शेवटी एकदाच बाकी काढा, नाहीतर प्रत्येक गुणाकारानंतर काढा, उत्तर तेच येतं. आपण दर वेळी काढणार आहोत, म्हणजे कागदावर ८२ पेक्षा मोठी बाकी कधीच राहणार नाही.

पहिली पायरी: उघड संख्या ठरवणं

दोन संख्या सगळ्यांसमोर ठरवायच्या. एक मूळ संख्या, जिने आपण भागत राहणार. दुसरी पायाची संख्या, जिचे घात करणार. आपण ८३ आणि २ घेऊ. या इरालाही माहीत असल्या तरी चालतं, किंबहुना असणारच.

८३ उगाच निवडलेली नाही. तिच्यातून एक वजा केला तर ८२ येतात, आणि ८२ म्हणजे २ गुणिले ४१. ४१ स्वतः मूळ आहे. अशा मूळ संख्येला सुरक्षित मूळ संख्या म्हणतात. याउलट ७३ घेतली असती तर ७२ चे २ आणि ३ असे बारीक बारीक तुकडे पडले असते, आणि इराला एक मोठं कोडं सोडवण्याऐवजी अनेक छोटी कोडी सोडवून काम भागवता आलं असतं. २ घेण्याचं कारण असं की २ चे घात करत गेलं तर ८३ च्या हिशेबात १ ते ८२ या सगळ्या संख्या एकेकदा येतात आणि ८२ व्या घाताला १ येऊन चक्र पुन्हा सुरू होतं. हे ८२ लक्षात ठेवा. नवशिक्यांची एक ठरावीक चूक याच्यापाशी होते.

दुसरी पायरी: प्रत्येकाने आपलं गुपित निवडणं

माधवी मनातल्या मनात २७ निवडते. नितीन ४५ निवडतो. हे आकडे कुणालाच सांगायचे नाहीत, एकमेकांनाही नाही. खऱ्या वापरात ते यदृच्छेने, म्हणजे कुणालाही अंदाज येणार नाही अशा रीतीने निवडलेले असावे लागतात. जन्मतारीख किंवा घड्याळातली वेळ घेतली तर पुढचं सगळं गणित बरोबर येऊनही फुकट जातं.

तिसरी पायरी: घात करणं

माधवीला आता २ चा २७ वा घात हवा आहे. २ ला २ ने सव्वीस वेळा गुणता येईल, पण त्याहून छोटा रस्ता आहे. वर्ग करत जायचं.

२ चा पहिला घात २
२ चा २ रा घात ४
२ चा ४ था घात १६
२ चा ८ वा घात २५६, म्हणजे ७
२ चा १६ वा घात ७ × ७ = ४९
२ चा ३२ वा घात ४९ × ४९ = २४०१, म्हणजे ७७

प्रत्येक ओळ वरच्या ओळीचा वर्ग आहे. आता २७ फोडा: १६ + ८ + २ + १. घातांकांची बेरीज म्हणजे संख्यांचा गुणाकार, म्हणून त्या चार ओळी एकमेकींशी गुणायच्या.

४९ × ७ = ३४३, बाकी ११
११ × ४ = ४४
४४ × २ = ८८, बाकी ५

माधवीची उघड संख्या ५.

नितीनचे ४५ म्हणजे ३२ + ८ + ४ + १.

७७ × ७ = ५३९, बाकी ४१
४१ × १६ = ६५६, बाकी ७५
७५ × २ = १५०, बाकी ६७

नितीनची उघड संख्या ६७.

माधवीचं काम चार वर्ग आणि तीन गुणाकारांत झालं. खऱ्या वापरात घातांक दोन हजार बिटांचा असला तरी याच पद्धतीने साधारण तीन हजार गुणाकारांत उत्तर मिळतं. संगणकाला हे काहीच नाही. ही शिडी नीट ध्यानात घ्या. सगळी गंमत अशी आहे की ती वर चढायला आहे, खाली उतरायला नाही.

चौथी पायरी: देवाणघेवाण

माधवी नितीनला सांगते, ‘५’. नितीन माधवीला सांगतो, ‘६७’. इरा दोन्ही आकडे टिपून घेते. बस, याहून जास्त बोलणं होत नाही.

पाचवी पायरी: समोरून आलेल्या संख्येवर आपलं गुपित चालवणं

नितीनकडे ५ आलेत. तो त्यांचा ४५ वा घात करतो. पुन्हा तीच शिडी, फक्त पाया ५:

५, मग २५, मग ६२५ म्हणजे ४४, मग ४४ चा वर्ग १९३६ म्हणजे २७, मग ७२९ म्हणजे ६५, मग ४२२५ म्हणजे ७५. हे अनुक्रमे १, २, ४, ८, १६ आणि ३२ वे घात.

७५ × २७ = २०२५, बाकी ३३
३३ × ४४ = १४५२, बाकी ४१
४१ × ५ = २०५, बाकी ३९

माधवीकडे ६७ आलेत. ती त्यांचा २७ वा घात करते. ६७ चा वर्ग ४४८९, म्हणजे ७. पुढचे घात ४९, ७७ आणि ३६.

३६ × ७७ = २७७२, बाकी ३३
३३ × ७ = २३१, बाकी ६५
६५ × ६७ = ४३५५, बाकी ३९

दोघांकडे ३९.

का, ते एका वाक्यात सांगता येतं. नितीनने २ च्या २७ व्या घाताचा ४५ वा घात केला, माधवीने २ च्या ४५ व्या घाताचा २७ वा, आणि २७ × ४५ काय किंवा ४५ × २७ काय, घातांक तोच.

उत्तर जुळलं नाही तर

दोन्हीकडची उत्तरं जुळत नसतील तर चूक बहुधा पुढच्या तीन जागांपैकी एका ठिकाणी असते.

पहिली जागा कॅल्क्युलेटर किंवा स्प्रेडशीट. २ चा २७ वा घात १३४२१७७२८ येतो, तो साध्या कॅल्क्युलेटरवरही अचूक निघतो आणि त्याची बाकी खरोखरच ५ येते. म्हणून माणूस निर्धास्त होतो. पण ६७ चा २७ वा घात पन्नास अंकी आहे. यंत्र त्यातले पहिले पंधरा-सोळा अंक ठेवतं आणि बाकीचे गोल करून टाकतं. बाकी तर शेवटच्या अंकांवर ठरते, त्यामुळे उत्तर दिसायला साधं पण साफ चुकीचं येतं. उपाय एकच: प्रत्येक गुणाकारानंतर बाकी काढा.

दुसरी जागा पायथॉन. तिथे `^` हे चिन्ह घाताचं नाही, ते बिटांवरच्या एका वेगळ्याच क्रियेचं आहे. `2 ^ 27 % 83` लिहिलं तर २५ येतात आणि चूक झाल्याची कुठलीही सूचना मिळत नाही. तीन संख्या देऊन `pow` वापरा, ते आतून वरचीच शिडी चढतं:

```
p, g = 83, 2
a, b = 27, 45
A = pow(g, a, p)   # 5
B = pow(g, b, p)   # 67
print(pow(B, a, p), pow(A, b, p))   # 39 39
```

तिसरी चूक मला सगळ्यात आवडते, कारण ती विचार करणाऱ्याच्याच हातून होते. तुम्ही म्हणाल, दोन्ही गुपितं मला माहीत आहेत तर २७ × ४५ = १२१५ हा घातांक थेट घेऊन पडताळून बघतो. १२१५ मोठे आहेत, म्हणून त्यांचीही ८३ ने बाकी काढतो: ५३. मग २ चा ५३ वा घात करता आणि येतात ५४. हे ३९ नव्हेत! घोटाळा असा की खालच्या संख्यांची बाकी ८३ ने काढायची असते, पण घातांकांचं चक्र ८२ चं आहे. १२१५ ला ८२ ने भागा, ६७ उरतात, आणि २ चा ६७ वा घात ३९ येतो. (नितीनची उघड संख्याही ६७ होती. तो निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका.)

आता इराच्या खुर्चीत बसा

इराकडे ८३, २, ५ आणि ६७ आहेत. पहिला मोह दोन्ही उघड संख्या गुणून बघण्याचा. ५ × ६७ = ३३५, बाकी ३. पण गुणाकाराने घातांकांची बेरीज होते, म्हणजे तिला २ चा ७२ वा घात मिळाला. हवा होता गुणाकाराचा. बेरजेवरून गुणाकाराकडे जायला वाट नाही.

मग ती २ चे घात एकामागून एक लिहू लागते: २, ४, ८, १६, ३२, ६४, ४५, ७, १४, २८, ५६, २९… संख्या खालीवर उड्या मारत राहतात. ५ जवळ आले की दूर गेले, याचा काही अंदाज लागत नाही. साध्या घातांमध्ये आपल्याला असा अंदाज असतो: उत्तर लहान आलं तर घातांक वाढवायचा, मोठं आलं तर कमी करायचा. बाकी काढल्याने नेमकी तीच खूण पुसली जाते. सत्ताविसाव्या जागी तिला ५ सापडतात. या उलट्या शोधाला डिस्क्रीट लॉगॅरिदम म्हणतात.

पण इरा हुशार असेल तर तिला सत्तावीस पावलंही लागणार नाहीत. ती २ चे पहिले दहा घात, शून्यापासून नवव्यापर्यंत, एका कागदावर लिहून ठेवते:

१, २, ४, ८, १६, ३२, ६४, ४५, ७, १४

दहावा घात २८. आता तिला ५ वरून दहा-दहा घरं मागे यायचं आहे, म्हणजे दर वेळी २८ ने भागायचं. २८ × ३ = ८४, बाकी १. म्हणजे इथे २८ ने भागणं आणि ३ ने गुणणं एकच. मग ५, १५, ४५. थांबा, ४५ कागदावर आहेत, सातव्या घाताला. दोन उड्या दहाच्या आणि वर सात: सत्तावीस. माधवीचं गुपित दोन गुणाकारांत बाहेर.

नितीनचंही करून बघा: ६७, ३५, २२, ६६, ३२. चार उड्या झाल्या, आणि ३२ पाचव्या घाताला आहेत. पंचेचाळीस.

या युक्तीने कष्ट वर्गमुळाइतके होतात: ८२ शक्यतांसाठी दहाच्या आसपास नोंदी आणि फार तर तेवढ्याच उड्या. शक्यतांची संख्या सहाशे अंकी असेल तर तिचं वर्गमूळही तीनशे अंकी असतं, आणि तेवढा कागद जगात नाही. तरीही मोठ्या मूळ संख्यांवर याहून वेगवान पद्धती आहेत. २०१९ मध्ये ७९५ बिटांच्या मूळ संख्येसाठी असा एक उलटा शोध पूर्ण झाला. म्हणून आज किमान २०४८ बिट, म्हणजे साधारण ६१७ अंक, धरतात.

त्या पद्धतींची एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. त्यातलं बहुतेक काम फक्त उघड मूळ संख्येवर अवलंबून असतं, ५ किंवा ६७ वर नाही. इराने ८३ साठी आपला कागद एकदा तयार केला की ८३ वापरणाऱ्या प्रत्येकाला तोच लागू पडतो, आपणही वर एकच कागद दोघांसाठी वापरला. २०१५ मध्ये लॉगजॅम नावाने जो हल्ला उघड झाला त्याची मेख हीच होती. असंख्य सर्व्हर ५१२ बिटांच्या त्याच त्या मोजक्या मूळ संख्या वापरत होते. एका संख्येची जड तयारी एकदा केली की पुढचा प्रत्येक संवाद फोडायला थोडाच वेळ लागत होता.

आणखी एक बारीक गळती आपल्या छोट्या आकड्यांतही दिसते. इराने ५ चा ४१ वा घात केला तर ८२ येतात. घातांक सम असता तर १ आले असते. म्हणजे माधवीचं गुपित विषम आहे हे तिला फुकटात कळलं. पाया २ ऐवजी ४ घेतला की ही गळती बंद होते, कारण ४ चे सगळे घात एकाच गटात राहतात.

आलेली संख्या तपासून घ्या

समोरून १ किंवा ८२ आले तर बोलणं तिथेच थांबवा. १ चा कुठलाही घात १ च. ८२ म्हणजे या हिशेबात उणे एक, त्याचा घात १ किंवा ८२ यापलीकडे जात नाही. वाटेत कुणी आकडा बदलून यातला एक घुसडला तर तुमचं गुपित कितीही मोठं असो, सामायिक संख्या दोनच शक्यतांत अडकते. शून्य किंवा ८३ पेक्षा मोठी संख्याही नाकारायची. तपासणी एका ओळीची आहे: संख्या २ ते ८१ मध्ये आहे ना.

मिळालेले ३९ जसेच्या तसे किल्ली म्हणून वापरत नाहीत. ते आधी हॅशवर आधारलेल्या किल्ली-निर्मितीच्या पद्धतीतून काढतात, म्हणजे हव्या त्या लांबीची एकजीव किल्ली मिळते. काम संपलं की २७, ४५ आणि ३९ तिन्ही पुसून टाकायचे आणि पुढच्या वेळी नवे आकडे घ्यायचे. मग वर्षभराने कुणी माधवीचा संगणक पळवला तरी आजचा साठवलेला संवाद त्यातून उघडत नाही.

इरा नुसती ऐकत बसली नाही तर

इथवर आपण धरलं की इरा फक्त वाचते. ती निरोप अडवून बदलू शकत असेल तर तिला कुठलाही उलटा शोध लावावा लागत नाही. ती आपलं गुपित १० निवडते, तिची उघड संख्या २८. माधवीचे ५ ती स्वतःकडे ठेवते आणि नितीनला २८ पाठवते. नितीनचे ६७ ठेवते आणि माधवीलाही २८ पाठवते.

माधवी २८ चा २७ वा घात करते: ११. इरा ५ चा १० वा घात करते: ११.
नितीन २८ चा ४५ वा घात करतो: ४१. इरा ६७ चा १० वा घात करते: ४१.

माधवीला वाटतं, ११ हे तिचं आणि नितीनचं गुपित. नितीनला वाटतं, ४१. इरा दोन्ही बाजूंना उत्तम कुलपं लावून मधोमध बसली आहे, एकीकडून आलेला मजकूर उघडते, वाचते, आणि दुसऱ्या किल्लीने बंद करून पुढे सरकवते. दोघांच्याही पडद्यावर सगळं ठीक दिसतं. मूळ संख्या दोन हजार बिटांची घेतली तरी यात काडीचा फरक पडत नाही, कारण आपण कुणाशी गुपित ठरवतोय हे गणित सांगतच नाही.

हे ओळखायची एकच रीत आहे, दोन्ही टोकांना काय दिसलं ते इराच्या हातात नसलेल्या वाटेने जुळवणं. माधवीने ५ पाठवून २८ घेतले, नितीनने २८ घेऊन ६७ पाठवले. ओळखीच्या आवाजात फोनवर एवढं बोललं तरी लबाडी उघडी पडते. निरोपांच्या काही अ‍ॅपमध्ये दोघांनी शेजारी बसून ताडून बघायचा लांबलचक आकडा असतो, तो याचसाठी. वेबसाइटच्या बाबतीत सर्व्हर त्या देवाणघेवाणीवर आपल्या प्रमाणपत्राच्या किल्लीने सही करतो, आणि ब्राउझर ती तपासल्याशिवाय पुढे जात नाही. सही बहुतेक वेळा एकट्या सर्व्हरचीच असते. तुम्ही कोण आहात हे त्याला अजून कळलेलं नसतं, ते नंतर पासवर्ड टाकल्यावर कळतं.